रात्री पावणेएकचा ‘हॅलो’

एका मंगळवारी रात्री १२.४७ ला माझ्या फोनवर एक मेसेज आला. ‘हॅलो’. एवढंच. पुढे ‘मॅडम’ नाही, प्रश्न नाही, हात जोडलेलं चित्र नाही.

पाठवणारा मुलगा २३ वर्षांचा. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीतला, कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा. मी समुपदेशक आहे. शहरातल्या काही अभ्यासिकांमध्ये जाऊन मुलांशी बोलते आणि निघताना माझा नंबर फळ्यावर लिहून येते. हा मुलगा मला दोनदा भेटला होता. दुसऱ्या वेळी सगळे गेल्यावर थांबला आणि झोप लागत नाही म्हणाला. पाच मिनिटं बोललो, त्यापुढे काही नाही. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे, आणि त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईच्या औषधासाठी मी उठले होते, म्हणून १२.५३ ला मेसेज दिसला. पहिलं उत्तर पाठवायला मला चार मिनिटं लागली. तेवढ्यात मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. या प्रकरणातलं शिकण्यासारखं बरंचसं त्या पुसलेल्या ओळींत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिली ओळ होती, ‘अरे, एवढ्या रात्री? काय झालं? सगळं ठीक आहे ना?’ माझ्या मनात निव्वळ काळजी होती. पण मराठीत ‘एवढ्या रात्री’ हे शब्द काळजीचे राहत नाहीत. उशिरा घरी आलेल्या मुलाला दार उघडताना वडील जे बोलतात, ते हे शब्द. ‘अजून झोपला नाहीस?’ मधला ‘अजून’ तसाच. ऐकणाऱ्याला आधी आपली चूक ऐकू येते, काळजी मागून येते, आणि तोवर तो ‘सॉरी’ लिहून मोकळा झालेला असतो. शिवाय त्या ओळीत तीन प्रश्न होते. ज्याला एक शब्द लिहायलाच कदाचित अर्धा तास लागला, त्याच्यापुढे मी तीन उत्तरांचं काम टाकत होते. आणि ‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच ठरलेलं असतं. त्यावर ‘हो’ म्हणणंच सोपं जातं.

दुसरी ओळ उलट्या बाजूला गेली. ‘काळजी करू नकोस, मी तुझ्यासोबत आहे, मनातलं सगळं मोकळेपणाने सांग.’ शब्द गोड आहेत, पण त्याने अजून काही सांगितलंच नव्हतं. कदाचित त्याला फक्त पुढच्या भेटीची वेळ विचारायची असेल. अशा माणसाला ‘काळजी करू नकोस’ म्हटलं की आपण त्याच्या वतीने ठरवून टाकतो की तो संकटात आहे. खरोखर संकटात असलेला माणूस तर अशा मोठ्या उत्तराने आणखी बिचकतो. आपण जरा कडी वाजवून पाहावी आणि आतून सगळं घर दारात यावं, तसं त्याला होतं.

तिसऱ्यांदा फक्त ‘हॅलो’ लिहिलं. दिसायला हे सर्वांत हलकं उत्तर, पण त्याने चेंडू पुन्हा त्याच्याच अंगणात गेला असता. सुरुवात करायचं जे ओझं त्याला पेलत नव्हतं, ते तसंच त्याच्या डोक्यावर राहिलं असतं.

१२.५७ ला पाठवलेलं उत्तर असं: ‘हॅलो. मी जागीच आहे. बोलायचं असेल तर बोलू, नाहीतर असंच राहू दे.’

यातला माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी शब्द ‘जागीच’. रात्री मेसेज करणाऱ्याच्या मनात पहिली टोचणी असते ती आपण कुणाची झोप मोडली याची. ‘जागीच’ म्हटलं की ती निघून जाते, आणि त्यासाठी ‘काही हरकत नाही’ वगैरे म्हणायची गरज उरत नाही. मात्र हे खरं असेल तरच लिहावं. मी झोपेतून उठून उत्तर देत असेन तर ‘जाग आली, मेसेज दिसला’ असं लिहिते. ‘बोल’ हा आज्ञार्थ मी मुद्दाम टाळला. समोरासमोर ‘बोल’ म्हणताना आवाजात माया असते. स्क्रीनवर तो आवाज नसतो, नुसती आज्ञा उरते. आणि शेवटच्या चार शब्दांनी त्याला काहीही न बोलण्याची मोकळीक दिली. त्याने तिथेच फोन ठेवला असता तरी त्याला एक गोष्ट कळलेली असती, की पलीकडे माणूस आहे.

हे सगळं मला पहिल्यापासून उमजत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या एका मुलीचा असाच मध्यरात्री ‘हॅलो’ आला होता. मी घाबरले आणि सरळ फोन लावला. खोलीत आणखी तिघी झोपलेल्या. अंधारात फोन वाजला, उजेड पडला, तिने कट केला. सकाळी मेसेज होता, ‘सॉरी मॅडम, चुकून गेला होता.’ त्यानंतर ती कधीच माझ्याकडे आली नाही. तिने लिहिण्याचा मार्ग निवडला होता, कारण तोच आवाज न करता वापरता येत होता. ती निवड मी एका सेकंदात मोडून टाकली. तिला नेमकं काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही आणि ते मला लागून राहिलं आहे. तेव्हापासून नियम असा की माणूस ज्या वाटेने आला त्याच वाटेने उत्तर द्यायचं. जिवाला धोका दिसला तरच वाट बदलायची.

आता मंगळवारच्या रात्रीकडे. निळ्या खुणा लगेच आल्या. नावाखाली टाइप करत असल्याचं दिसायचं, नाहीसं व्हायचं. असं तीनदा झालं. या वेळी आपली बोटं आवरणं फार कठीण जातं. पण तो लिहीत असताना आपण काही पाठवलं की त्याचं अर्धं वाक्य बाजूला पडतं आणि तो आपल्या वाक्याला उत्तर देऊ लागतो. मी फोन ओट्यावर ठेवला आणि पाणी प्यायले.

१.०१ ला उत्तर आलं. ‘काही नाही मॅडम, सहज. सॉरी उशीर झाला.’

‘सहज’ हा शब्द आपल्याकडे फार काम करतो. जावई न कळवता दारात आला तरी सहज, आणि चार महिने न बोललेल्या भावाने फोन केला तरी सहज. त्यामागे काही असतंच असं नाही, पण असलं तर ते झाकायला याच्याइतकं सोयीचं पांघरूण नाही. ते ओढून काढायचं नाही. ‘सहज कुणी रात्री एकला मेसेज करतं का?’ हे वाक्य हुशारीचं वाटतं, पण त्याने माणूस पकडला गेल्यासारखा होतो. मी लिहिलं, ‘सहजही चालतं. सॉरी नको.’ आणि मग त्या रात्रीचा पहिला प्रश्न विचारला, ‘खोलीवरच आहेस ना?’

हा प्रश्न साधा दिसावा अशीच त्याची रचना आहे. कुणीही कुणालाही विचारतं. पण अशा वेळी मला सर्वांत आधी हवी असलेली माहिती तीच असते. माणूस कुठे आहे आणि एकटा आहे का. तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर एकटा बसलेला असणं आणि चार कॉटच्या खोलीत पांघरुणाखाली फोन धरून असणं, या दोन्हीत पुढचं सगळं बदलतं. काय वाटतंय हे सांगायला माणसाला वेळ लागतो, कुठे आहे हे तो लगेच सांगतो. या प्रश्नातल्या ‘ना’ने मात्र मी त्याला होकाराकडे थोडं ढकललं. आता मी नुसतं ‘कुठे आहेस, खोलीवर?’ असं विचारते.

‘हो रूमवर. बाकीचे झोपलेत.’ माझ्या खांद्यावरचा निम्मा भार उतरला.

दुसरा प्रश्न होता, ‘जेवण झालं का?’ रात्री एक वाजता हे विचारणं बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आपल्याकडे तसं नाही. जेवलास का हे आपण प्रेमाने विचारतो, सवयीने विचारतो, दुसरं काही सुचत नाही म्हणूनही विचारतो. त्यात कुणाला आपली चौकशी चालल्यासारखं वाटत नाही. आणि त्याचं उत्तर भावनेत द्यायचं नसतं, घडलेल्या गोष्टीत द्यायचं असतं. ‘कसं वाटतंय?’ला ‘ठीक’ म्हणून सुटता येतं. ‘जेवलास का?’ला माणूस सहसा खरं सांगतो.

‘डबा आलता. खाल्ला नाही.’

मी ‘बरं’ एवढंच लिहिलं. का नाही खाल्ला, उपाशी झोपू नये, तब्येत बिघडेल, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण डबा न खाणं हे कारण नसतं, खूण असते. तिच्या मागे धावलं की बोलणं जेवणावर अडकतं.

यानंतर नऊ मिनिटं काहीच आलं नाही. अशी शांतता मला सर्वांत अवघड जाते. ‘आहेस का?’ असं विचारावंसं वाटतं, पण त्यात ‘मला उत्तर दे’ ही मागणी असते, आणि ती आपल्या घाबरण्यातून आलेली असते. त्याने खोलीवर असल्याचं सांगितलं होतं, एकटा नव्हता, धोक्याचं अजून काही बोलला नव्हता, म्हणून मी थांबले. दहाव्या मिनिटाला एक ओळ टाकली, ‘मी आहे इथंच. घाई नाही.’ तिला उत्तर द्यावं लागत नाही, हे तिच्यात मुद्दाम राखलं होतं.

१.१९ ला सगळं एकदम आलं. संध्याकाळी वडिलांचा फोन झाला होता. उसाचं बिल जमा झालं, पण सोसायटीने कर्जापोटी बरंचसं वळतं करून घेतलं. बोलता बोलता वडील म्हणाले, ‘अजून किती दिवस रं?’ रागाने नाही, थकून म्हणाले, असं त्यानेच लिहिलं होतं. बरोबरचा एक जण भरती झाला, त्याची गावात मिरवणूक निघाली. याचं मैदान चांगलं गेलं, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिलं. ‘घरी तोंड दाखवू वाटंना.’ आणि शेवटची ओळ: ‘असं वाटतंय झोपावं आणि परत उठूच नये.’

इथपर्यंत मी आवाज न करता त्याच्या बाजूला बसले होते. या ओळीला तसं बसून चालत नाही. नाजूकपणे वागायचं म्हणून आपण अशी ओळ ओलांडून जातो, किंवा ती न वाचल्यासारखं करून वडिलांच्या बोलण्याबद्दल समजूत घालू लागतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ‘उठूच नये’ म्हणजे नुसता थकवा असू शकतो. त्याहून पुढचंही असू शकतं. हे अंदाजाने ओळखता येत नाही. विचारावंच लागतं.

आणि कसं विचारायचं इथे आपली भाषा घात करते. आपल्याकडे लगेच तोंडात येणारं वाक्य म्हणजे ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘वेडंवाकडं’ म्हटलं की त्याच्या मनात जे चाललंय त्याला आपण आधीच वेडेपणा ठरवला. आणि ‘नाहीस ना’ म्हटलं की आपल्याला कोणतं उत्तर हवंय तेही सांगितलं. भला मुलगा आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘नाही मॅडम’ म्हणणार, आणि दार बंद. मग आपण शांत झोपतो, तो जागा राहतो.

मी लिहिलं, ‘तू लिहिलेलं सगळं नीट वाचलं. एक सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतंय का?’

असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती पालकांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना असते. या विषयावर झालेला अभ्यास उलटं सांगतो. सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही, आणि बऱ्याच जणांना सांगायला जागा मिळाल्याने हलकं वाटतं. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. फक्त शब्द साधे हवेत आणि विचारून झाल्यावर थांबायला हवं. प्रश्नामागे लगेच ‘बघ हं, आईवडिलांचा विचार कर’ असं जोडलं की तो प्रश्न राहत नाही, ताकीद होते.

चार मिनिटांनी उत्तर आलं. ‘कधी कधी येतं. आत्ता तसं काही नाही. फक्त नको वाटतंय सगळं.’

मी दोन प्रश्न आणखी विचारले, एकाचं उत्तर आल्यावर दुसरा. काही ठरवलंयस का, किंवा त्यासाठी जवळ काही आणून ठेवलंयस का? नाही. याआधी कधी तसा प्रयत्न केला होतास? नाही. या दोन्हीपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आलं असतं, तर लिहिणं तिथेच थांबलं असतं. मी त्याला कळवून फोन लावला असता, खोलीतल्या एखाद्याला उठवायला सांगितलं असतं, आणि गरज पडली असती तर ११२ वर कळवून त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायची व्यवस्था केली असती. तेव्हा खोलीत उजेड पडला, सगळे जागे झाले, तो माझ्यावर चिडला, तरी हरकत नव्हती.

मग त्याने एक विचारलं, ज्याची मला अपेक्षा नव्हती. ‘मॅडम हे कुणाला कळणार नाही ना? भरतीत चारित्र्य पडताळणी असते.’ रात्री दीड वाजता हा मुलगा जगणं नकोसं झाल्याचं सांगत होता आणि त्याच वेळी नोकरीच्या कागदपत्रांची काळजी करत होता. ही काळजी ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं, कारण ती पुढच्या दिवसांची होती. पण म्हणून तिला उडवून लावता येत नव्हतं. मी सांगितलं की असा विचार मनात येणं किंवा तो कुणाला सांगणं हा गुन्हा नाही. प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्या माणसाकडेसुद्धा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ तीव्र ताणाखालचा माणूस म्हणूनच पाहतं. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र दिलं नाही. लिहिलं ते असं: ‘आपलं बोलणं माझ्याजवळ राहील. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच एखाद्याला सांगेन, आणि ते आधी तुला कळवेन.’ खोटं वचन देऊन रात्र निभावते, पण नंतर ते मोडावं लागलं तर त्या माणसाकडे परत जायला आपल्याला तोंड राहत नाही.

वडिलांबद्दल मी फार बोलले नाही. ‘दिवसभर अभ्यास, संध्याकाळी असा फोन आणि पोटात काही नाही, म्हणजे रात्री हे सगळं अंगावर येणारच,’ एवढं एक वाक्य. तयारी सोडायची की नाही, घरी काय सांगायचं, हे प्रश्न त्याने काढले तेव्हा म्हटलं की हे आत्ता ठरवायचं नाही, दिवसा ठरवू. झोप नसलेल्या माणसाला रात्री दीड वाजता सगळ्या वाटा बंद दिसतात. त्या वेळी वाद घालून एखादी वाट उघडून दाखवण्यात अर्थ नसतो.

खोलीत खायला काय आहे विचारलं. घरून आणलेले शेंगदाणे आणि गूळ होता. ‘चार दाणे खाऊन पाणी पी, मी थांबते,’ म्हटलं. तो खाऊन आला. ‘खाल्लं’ एवढाच मेसेज.

१.५० च्या सुमारास मी बोलणं आवरतं घेतलं. तसं करणंही आवश्यक असतं. मी पहाटेपर्यंत जागी राहिले असते तर तोही राहिला असता, आणि रात्रभर कुणीतरी जागं राहायला हवं इतकं आपलं वाईट आहे, असा त्याचा समज झाला असता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी याच वेळी दिला, आधी नाही. सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण माणसाने मन उघडल्याबरोबर त्याच्या हातात नंबर ठेवला की त्याला ‘पुढच्या खिडकीवर जा’ असं सांगितल्यासारखं वाटतं. बोलून झाल्यावर, ‘मी झोपले असेन तेव्हाही कुणीतरी जागं असावं म्हणून हा ठेव,’ असं म्हटलं की तोच नंबर आधार होतो.

शेवटचं ठरलं ते सकाळचं. ‘९ वाजता मी एक मेसेज टाकेन. नुसता अंगठा दाखवलास तरी चालेल. १० पर्यंत काहीच आलं नाही तर मी तुला फोन करेन, तू उचलला नाहीस तर खोलीतल्या मित्राला करेन. चालेल?’ त्याने हो म्हटलं आणि मित्राचा नंबर पाठवला. नुसतं ‘काही वाटलं तर मेसेज कर’ यापेक्षा हे बरं. त्यात पुन्हा सुरुवात करायचं काम त्याच्याकडेच राहिलं असतं. आणि १० ची वेळ आधीच सांगून ठेवल्यामुळे मी फोन केला असता तरी तो छापा वाटला नसता.

सकाळी ९ ला लिहिलं, ‘नऊ वाजले. ठरल्याप्रमाणे मेसेज.’ रात्रीचा उल्लेख केला नाही. ‘रात्री मी फार घाबरले होते,’ असं लिहिलं असतं तर दिवसाची सुरुवातच त्याला माझी समजूत घालून करावी लागली असती. मुलं रात्री बोलल्याची सकाळी लाज बाळगतात, आणि ती लाज ओलांडायला त्यांना साधं, रोजच्यासारखं काहीतरी हवं असतं. ९.४० ला अंगठा आला. ती चाळीस मिनिटं मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, पण १० च्या आधी फोन केला नाही.

गुरुवारी तो भेटायला आला. समोर बसून आम्ही पुन्हा तेच प्रश्न नीट बोललो. शनिवारी तो गावी जाणार होता, म्हणून शेतातली औषधं घरात कुठे ठेवतात तेही विचारलं. शेतकरी घरात हा प्रश्न कधीच चुकवू नये. त्याच्या संमतीने चुलत भावाला थोडं सांगितलं आणि ती औषधं कुलपात गेली. पुढच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवलं. झोपेचं आणि मनाचं औषध सुरू झालं. वडिलांशी बोलायला त्याला महिना लागला. परीक्षेचं अजून काही झालेलं नाही, तो अभ्यास करतो आहे.

भेटीत त्याने सांगितलं की त्या रात्री त्याने चार जणांना ‘हॅलो’ केलं होतं. दोघांनी पाहिलंच नाही. एकाने लिहिलं, ‘काय रं एवढ्या रात्री, दारू पिलास काय?’ तो मित्र जिवाचा होता, थट्टेतच म्हणाला होता. पण ते वाचून याने आधी पाठवलेले ‘हॅलो’ डिलीट करायला घेतले. माझा डिलीट करणार तेवढ्यात उत्तर आलं. त्या मित्राला दोष देववत नाही. बरोबरीच्या माणसाने माझ्यासारखं बोलूही नये, ते खोटं वाटेल. ‘हाय की जागा. बोल भावा, न्हाईतर नुस्तं बसूया,’ एवढं त्याने लिहिलं असतं तरी तेच काम झालं असतं. मित्राच्या तोंडचा ‘बोल’ चालतो, त्याच्यामागे ‘भावा’ उभा असतो.

दोन गोष्टी राहिल्या. मध्यरात्री येणारा प्रत्येक ‘हॅलो’ दुःखातून येत नाही. बाईमाणसाला हे वेगळं सांगायला नको. सलगी करू पाहणारेही याच वेळी, याच शब्दाने सुरुवात करतात. म्हणून माझं पहिलं उत्तर साधं, कोरडं वाटण्याइतपत साधं असतं. त्यात लाडिक शब्द नाहीत, चित्रं नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजला अंदाज येतोच. तसं असेल तर ‘कामाचं असेल तर सकाळी १० नंतर बोलू,’ आणि फोन बंद. नुसती शंका असताना मात्र मी दार लावत नाही.

आणि मी झोपलेली असताना आलेला ‘हॅलो’. तो सकाळी ६ ला दिसला तर ६ लाच उत्तर देते, ‘रात्री झोपले होते, आत्ता पाहिलं. आता आहे.’ मेसेज डिलीट केलेला दिसला तरी तेवढंच लिहिते. काय डिलीट केलं असं विचारत नाही.

या प्रकरणातली माझी एक चूक मला स्पष्ट दिसते. त्याच्या खोलीतल्या मित्राचा नंबर माझ्याकडे अगदी शेवटी, रात्री १.५० च्या सुमारास आला. त्याआधीच्या जवळपास तासाभरात धोका वाढला असता, तर मला त्याचा पत्ताही माहीत नव्हता, फक्त राजारामपुरी एवढंच माहीत होतं. आता अभ्यासिकेत कुणी सगळे गेल्यावर थांबून झोप लागत नाही म्हणालं, की तिथेच, दिवसाउजेडी, दोन गोष्टी वहीत लिहून घेते. राहतोस कुठे, आणि खोलीत तुझ्या जवळचा कोण आहे.